साडेअकरा मिनिटांचं लोणचं

आज दुपारभर स्वतःचीच गोष्ट कापत बसले. रविवारी आमच्या फोंड्यात महिला मंडळापुढे पाच मिनिटं बोलायचंय, विषय माझा लोणच्याचा धंदा. ड्राफ्ट मोबाईलवर टायमर लावून मोठ्याने वाचला तर साडेअकरा मिनिटं! म्हटलं फास्ट बोलू, तर नवरा म्हणतो अगो भाषण आहे की आगगाडी.

मग मोजलं. मी मिनिटाला साधारण ११० शब्द बोलते, म्हणजे हशा, थांबणं धरून ५०० च्या आत बसायला हवं. आता काय उडवायचं? आधी एका वाक्यात लिहून काढलं, "चव दिली तेव्हा विक्री सुरू झाली", आणि त्या वाक्याला न लागणारं सगळं काढलं, लग्न, बँकेचं लोन, सासूबाईंची फोडणीसुद्धा (जिवावर आलं हो).

आता सुरुवातच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, दुपारचे दोन, चोवीस बरण्या, एकही खपलेली नाही. तिसऱ्या मिनिटाला शेजारची मिरचीवाली मावशी म्हणते, "बाय, आधी झाकण तरी उघड." याच्यापुढे मी "तेव्हा मला जाणवलं की" करत चार ओळी लिहिलेल्या, त्या गेल्या. आता फक्त झाकण, वास आणि थांबलेलं पहिलं गिऱ्हाईक.

शेवटी "धाडस करा" होतं, ते कुठल्याही भाषणाला चिकटलं असतं. त्याजागी "उद्या एक बरणी उघडी ठेवा."

चार मिनिटं पन्नास सेकंद. मावशीच्या वाक्यानंतर थांबायला मात्र अजून विसरतेच.