काटा शून्यावर होता, तरीही

टायरच्या खोलीतून हवेचा दाब मोजायचे दोन गेज तपासणीसाठी माझ्या टेबलावर आले, तेव्हा त्यांचा निकाल आधीच लागलेला होता. मोठा खराब, छोटा चांगला. ताफ्यातल्या एका गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी मधोमध झिजली होती आणि कडा जवळपास नव्यासारख्या होत्या. हवा जास्त राहिली की टायर मधून फुगतो आणि असाच झिजतो. पण नोंदवहीत दर वेळी ठरलेला दाब, म्हणजे 33 पीएसआय, लिहिलेला होता. त्याच टायरला मोठा गेज लावला की 40 दिसायचे. थंड टायरला एक गेज 33 म्हणतो आणि दुसरा 40, तर दोघांतला एक तरी चुकत असणारच.

टायरवाले काका स्वतः गेज घेऊन आले होते. "साहेब, मोठ्याचं काही खरं नाही," ते म्हणाले. "छोट्याच्या डायलवर एकेक पीएसआय मोजता येतो, मोठ्याला पाच-पाचाच्या रेघा. आणि छोट्याचा काटा बघा, कसा नेमका शून्यावर बसलाय."

मी बघितलं. काटा खरंच शून्यावर होता, बारीकशा खिळीला टेकून. त्या खिळीमुळेच मला लगेच होकार देता आला नाही.

मोठा गेज 0 ते 160 पीएसआयचा, अचूकतेच्या 2.5 वर्गाचा. छोटा 0 ते 60 चा, 1.6 वर्गाचा. दोघांच्याही पोटात बोर्डन ट्यूब. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकल्यावर जशी उलगडते, तशी ही वळवलेली चपटी नळी आत दाब आला की थोडी सरळ होते आणि दाते तिची हालचाल काट्यापर्यंत पोहोचवतात. 1849 मध्ये युजीन बोर्डनने पेटंट घेतलेली ही रचना इतकी साधी आहे की अजून कोणी ती हटवू शकलेलं नाही.

काकांचं म्हणणं होतं, चला टायरलाच दोन्ही लावून बघू. ते मी टाळलं. व्हॉल्व्हवर गेज दाबताना दर वेळी थोडी हवा निसटते, एकाचं नोझल नीट बसतं तर दुसऱ्याचं किंचित फुसफुसतं, आणि मग गेज चुकला की नोझल, हे कळायला मार्ग राहत नाही. टेबलावर हातपंपाला एकच छोटी नळजोडणी असते. तिच्या एका तोंडाला मास्टर गेज, दुसऱ्याला तपासायचा गेज. दोघांना एकाच वेळी तोच दाब मिळतो, त्यामुळे फरक दिसला तर तो गेजचाच.

मास्टर कोणता घ्यायचा, हाही प्रश्न असतो. कपाटात दोन डिजिटल मास्टर होते. एक 0 ते 1000 पीएसआयचा, अचूकता पूर्ण पट्टीच्या 0.1 टक्का. ऐकायला छान वाटतं, पण 1000 चा 0.1 टक्का म्हणजे 1 पीएसआय, आणि छोट्या गेजला मुळात परवानगीच 1 पीएसआयच्या आत आहे. ज्याची चूक मोजायची त्याच्याएवढीच चूक मोजणाऱ्याची असेल तर मोजून काय उपयोग? मास्टर किमान चौपट तरी बरा असावा, असा आमचा संकेत. म्हणून दुसरा घेतला, 0 ते 200 पीएसआयचा, 0.05 टक्क्याचा. त्याची चूक फार तर 0.1 पीएसआय.

दोन्ही गेज रात्रभर खोलीतच होते, त्यामुळे तापमानाचा प्रश्न नव्हता. जोडल्यावर प्रत्येकाला दोन-तीनदा पट्टीच्या टोकापर्यंत नेऊन परत सोडलं, म्हणजे आतले दाते आणि नळी मोकळी होतात. मग दाब धरून ठेवला आणि गळती नाही ना, हे पाहिलं. वाचताना मी उलटी पद्धत वापरतो. मास्टरवर गोल आकडा आणून काटा कुठे दोन रेघांच्या मध्ये आहे ते ताडण्यापेक्षा काटाच बरोबर रेघेवर आणतो, काचेवर हलकी टिचकी मारतो, आणि मास्टरवरचा आकडा लिहितो. मास्टरवर दशांशही वाचता येतो, पाच-पाचाच्या रेघांवर तो ताडणं म्हणजे अंदाजच. डोळा काट्याच्या बरोबर समोर हवा, बाजूने पाहिलं की अर्धा-एक पीएसआय सहज सरकतो.

आधी मोठा घेतला. त्याचा काटा 40 वर आला तेव्हा मास्टर म्हणाला 37.0. काट्याच्या 80 ला खरा दाब 77.6, 110 ला 108.9 आणि 150 ला 149.6. म्हणजे खालच्या टोकाला 3 पीएसआय जास्त आणि वर जाता जाता फरक कमी.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले.

पण हा गेज पास होता. 2.5 वर्ग म्हणजे पूर्ण पट्टीच्या 2.5 टक्के, 160 च्या 2.5 टक्के म्हणजे 4 पीएसआय. आणि ही 4 पीएसआयची सूट पट्टीवर सगळीकडे तेवढीच असते. काटा 150 वर असो की 30 वर, ती आक्रसत नाही. ट्रकच्या 110 पीएसआयच्या टायरला 4 म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. 33 च्या टायरला तेच 4 म्हणजे 12 टक्के. गेज तोच, प्रमाणपत्र तेच. ट्रकसाठी तो चांगला आहे, गाडीसाठी नाही. डायलवर टक्क्याचा आकडा छापलेला असतो खरा, पण तो कशाचा टक्का, हे विचारायची सवय फारशी कोणाला नसते. वाचलेल्या आकड्याचा टक्का असेल तर गोष्ट वेगळी, पण साध्या काट्याच्या गेजवर तो बहुधा पूर्ण पट्टीचाच असतो. डिजिटल गेजही यातून आपोआप सुटत नाहीत. पडद्यावर दशांश दिसला म्हणून तेवढी अचूकता आली असं होत नाही, मागचं माहितीपत्रक वाचावंच लागतं.

मग छोटा. पंप अगदी सावकाश दाबत होतो. मास्टर 1 झाला, 2 झाला, 3 झाला. छोट्याचा काटा ढिम्म. मास्टर 4 च्या जवळ आला तेव्हा कुठे काटा खिळीपासून सुटला. मी काकांना म्हटलं, "हे परत बघा." दाब सोडला, पुन्हा हळू वाढवला. पुन्हा तेच.

पुढे प्रत्येक रेघेवर हाच फरक होता. काट्याच्या 12 ला खरा दाब 16.1, 24 ला 28.0, 36 ला 40.1, 48 ला 52.0. छोटा गेज सगळीकडे 4 पीएसआय कमी दाखवत होता, आणि त्याला सूट होती 60 च्या 1.6 टक्के, म्हणजे 0.96. नापास, आणि थोडक्यात नव्हे. टायरमधला खरा दाब 37 होता. मोठ्याने 3 वाढवून 40 सांगितलं, छोट्याने 4 कमी करून 33. खोलीत सगळे छोट्याचं ऐकून 33 येईपर्यंत भरत राहिले, आणि टायर 37 वर पळत राहिले.

एखाद्या रेघेवर चूक आणि दुसरीवर नाही, असं असतं तर दात्यांवर किंवा नळीच्या झिजेवर संशय गेला असता. सगळीकडे सारखीच चूक म्हणजे काटाच आपल्या दांड्यावर सरकलेला. काटा कसा सरकतो? पट्टीच्या वरच्या टोकालाही अडसर असतो. 60 च्या गेजला 110 चा दाब दिला की काटा अडसरावर आदळून थांबतो, पण आत नळी आणि दाते पुढे जाऊ पाहतात. दांडा फिरतो, काटा अडकलेला, मग पकड सुटून काटा मागे घसरतो. दाब सोडला की काटा शून्याच्याही खाली जायला बघतो, पण तिथे खिळी उभी. म्हणून तो शून्यावर छान टेकलेला दिसतो. खिळी नसती तर काटा शून्याखाली बसला असता आणि पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

"काका, हा ट्रकला लावता का कधी?"

ते क्षणभर थांबले. "मोठा सापडत नाही तेव्हा पोरं लावतात. नोझल बसतंच की."

बसणारच, व्हॉल्व्ह सारखाच असतो. नोझलला दाबाची मर्यादा ठाऊक नसते.

काटा काढून बरोबर जागी बसवावा, हे कोणीही सुचवेल, आणि नुसता काटा सरकला असता तर मीही तेच केलं असतं. पण खाली उतरताना घेतलेले आकडे मला आवडले नाहीत. चढताना काट्याच्या 36 ला खरा दाब 40.1 होता, उतरताना त्याच रेघेवर 38.6. दीड पीएसआयचा फरक, तोही त्याच्या पूर्ण सुटीहून जास्त. याचा अर्थ नळीही ताणली गेली होती, दाब काढल्यावर ती आधीच्या वाटेने परतत नव्हती. काटा कितीही नीट बसवला तरी हे जात नाही. गेज मोडीत काढला आणि कोणी परत उचलू नये म्हणून नोझल कापून टाकलं.

नवा घेताना काकांनी विचारलं, मग आता 0 ते 40 चा घेऊ का, अजून बारीक दिसेल? नको म्हटलं. 33 पीएसआय त्यावर पट्टीच्या 80 टक्क्यांच्या वर जातात. उन्हात पळून आलेल्या टायरचा दाब आणखी चार-पाच पीएसआय चढतो, म्हणजे काटा जवळजवळ टोकाला. रोजचा दाब पट्टीच्या पाव भागापासून पाऊण भागापर्यंत कुठेतरी, शक्यतो मध्याजवळ पडावा. 0 ते 60 वर 33 मध्याच्या किंचित पुढे पडतात, म्हणून तोच आकार योग्य होता. ट्रकचे 110 हे 0 ते 160 वर पाऊण भागाच्या आत बसतात, म्हणून मोठा गेज तसाच ठेवला. त्याच्या डायलवर 80 च्या खाली लाल पट्टी मारली, म्हणजे तिथलं वाचन धरायचं नाही.

नव्या छोट्याच्या वाटेत एक ओव्हरप्रेशर प्रोटेक्टर बसवून घेतला. ठरवलेल्या दाबाच्या वर गेला की तो गेजकडची वाट बंद करतो. तो मी 55 वर लावला. पोरं चुकून ट्रकला लावतीलच, हे धरून चाललेलं बरं.

तपासणीच्या तक्त्यातही बदल केला. आधी पट्टीवर समान अंतरावरचे पाच बिंदू घेतले जात, ते राहू दिले, पण छोट्याला 33 आणि मोठ्याला 110 हे बिंदू जोडले. शिवाय पहिल्या रकान्यात आता शून्याची नोंद नसते. काटा खिळीपासून कोणत्या दाबाला सुटतो, तो आकडा असतो.