ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आणि 18 दिवस

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी अंकगणित शिकवतो. लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. त्यामुळे ‘काळ, काम, वेग’ आलं की पोरं आधी ट्रिक मागतात, प्रश्न नंतर वाचतात.

त्या दिवशी दुपारची बॅच सुटली आणि आमच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. अभ्यासिकेत ट्यूबलाइटखाली, गुळगुळीत कागदावरच्या प्रश्नसंचाचा काढलेला. उजवी कड कापलेली आणि मधोमध उजेडाचा पांढरा ठिपका. दिसत होतं ते असं: अ, ब व क एक काम अनुक्रमे 20, 30 व 60 दिवसांत करतात. अ व ब यांनी एकत्र काम सुरू केले. 3 दिवसांनी क त्यांना येऊन मिळाला. पुढे ओळीच्या शेवटी नुसतं ‘काम’, आणि कड कापलेली. खालच्या ओळीत ‘5 दिवस’, मग ठिपका, मग ‘ने व 3 दिवस आधी ब ने काम सोडले, तर काम एकूण किती दिवसांत पूर्ण झाले?’ पर्याय 14, 15, 16, 18.

फोटो टाकणाऱ्याने ठिपक्याच्या जागी स्वतःच भर घालून ‘5 दिवसांनी अ ने’ असं वाचलं होतं आणि उत्तर काढलं होतं 18. दुसऱ्या एकाचं 15 आलं. तिसरा 16 वर अडून बसला. संध्याकाळी मी वर्गात शिरलो तर भांडण तिथेही चालूच. “सर, 18च. पडताळा पण बसतोय!”

पडताळा खरंच बसत होता, आणि म्हणूनच हा प्रश्न मी बोर्डावर घेतला.

आधी सगळ्यांना मान्य असलेला भाग. 20, 30, 60 चा लसावि 60, म्हणून एकूण काम 60 भाग धरायचं. अ रोज 3 भाग करतो, ब 2, क 1. तिघं मिळून रोज 6. इथपर्यंत कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं.

18 वाला म्हणत होता, अ सुरुवातीपासून 5 दिवस थांबून गेला. म्हणजे त्याचे 15 भाग झाले. उरलेले 45 ब आणि क यांनी केले. ब शेवटचे 3 दिवस नाही, क पहिले 3 दिवस नाही, म्हणजे दोघांचेही दिवस सारखेच. रोजचे 3 भाग धरून 15 दिवस, त्यात 3 मिळवले की 18. पडताळा: अ चे 15, ब चे 30, क चे 15, बेरीज 60. चोख.

15 वाल्याने ते 5 दिवस क आल्यापासून मोजले होते. त्यामुळे अ 8 दिवस कामावर, त्याचे 24 भाग. उरले 36, भागिले 3 म्हणजे 12, अधिक 3, उत्तर 15. बेरीज पुन्हा 60. 16 वाल्याने 18 वाल्यासारखंच वाचलं होतं, फक्त ब च्या जाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. अ चे 15, ब चे 16 दिवसांचे 32, क चे 13. तेही 60!

बेरीज 60 आली म्हणजे गुणाकार-भागाकार बरोबर आहे, इतकंच कळतं. प्रश्न बरोबर वाचला की नाही हे पडताळा सांगत नाही, कारण पडताळ्यातही तुम्ही तुमचंच वाचन घालता. ज्याने हा प्रश्न काढला त्याने चारही पर्याय असे बेतले होते की प्रत्येक चुकीच्या वाचनाला एक पूर्णांक तयार मिळावा. (असा माणूस मला भेटला तर मी त्याला चहा पाजीन.)

मग खरं वाचन कोणतं? मी फोटो मोठा करून पोरांना फिरवून दाखवला. ठिपक्याच्या अगदी आधी ‘दिवस’ होतं, आणि स ला काना नव्हता. ‘दिवसांनी’ असतं तर तो काना ठिपक्याच्या अलीकडे दिसला असता. वरच्या ओळीत क च्या बाबतीत तो स्वच्छ दिसत होता. शिवाय मधला ‘व’. अ आणि ब या दोघांना मिळून एकच ‘काम सोडले’ आहे, तर मोजायची सुरुवातही एकाच ठिकाणाहून होणार. ब चे 3 दिवस ‘आधी’ आहेत. कशाच्या आधी? वरच्या ओळीत कापलेल्या ‘काम’च्या पुढे ‘संपण्याच्या’ असल्याशिवाय त्या ‘आधी’ला अर्थच नाही. एका मुलीकडे तोच संच निघाला. तिने पान उघडून मोठ्याने वाचलं: “काम संपण्याच्या 5 दिवस आधी अ ने व 3 दिवस आधी ब ने काम सोडले.”

आता सोडवणं सोपं. अशा प्रश्नात मी टप्पे पाडत नाही, कारण शेवटचा दिवस माहीत नसताना ‘5 दिवस आधी’ कुठे पडतं ते कळत नाही. त्याऐवजी धरायचं की कोणीच गैरहजर राहिला नाही. अ ने शेवटचे 5 दिवस बुडवले, ते भरले असते तर 15 भाग जास्त झाले असते. ब चे 3 दिवस म्हणजे 6 भाग, क चे सुरुवातीचे 3 दिवस म्हणजे 3 भाग. एकूण 24 भाग जास्तीचे. 60 अधिक 24 म्हणजे 84, आणि तिघं रोज 6 करतात, म्हणून 14 दिवस.

उत्तर हातात आल्यावर मात्र टप्पे पाडून बघायचे. पहिले 3 दिवस अ आणि ब, 15 भाग. चौथ्या ते नवव्या दिवसापर्यंत तिघं, 36 भाग, एकूण 51. दहावा आणि अकरावा दिवस ब आणि क, 6 भाग, 57. शेवटचे 3 दिवस क एकटा, 60. यात नुसती बेरीज बघायची नाही. कोण कधी आला, कोण कधी गेला, ते प्रश्नातल्या शब्दाशी ताडून बघायचं. अ नवव्या दिवसाअखेर गेला, काम चौदाव्याला संपलं, मध्ये 5 दिवस. जुळलं.

एकाने विचारलं, “सर, मग ‘तिसऱ्या दिवशी क आला’ असं असतं तर?” तर क ने 2च दिवस बुडवले असते, 83 भागिले 6, उत्तर 13 पूर्णांक 5/6. पर्यायांत ते नाहीच, म्हणून तिथे पर्यायच सावध करतात. इथे 18 ने कोणाला सावध केलं नाही.

18 वाला अजून जरा घुश्शात होता. म्हणाला, “बुडवलेले दिवस भरायची ही पद्धत कधीच फसत नाही का?” मी त्याच प्रश्नात एकच आकडा बदलला: अ ने काम संपण्याच्या 25 दिवस आधी काम सोडले. लगेच पेनं चालू झाली. 75, 6 आणि 3 म्हणजे 84, अधिक 60 म्हणजे 144, भागिले 6. “24!” अर्धा वर्ग एका सुरात. पूर्णांक आल्यामुळे सगळे खूश.

संच घेऊन बसलेली ती मुलगी मात्र वहीत दिवसांच्या चौकटी आखत होती. पहिल्या चौकटीपाशी थांबली आणि हसायलाच लागली. “सर, अहो, 24 दिवसांचं काम आणि हा 25 दिवस आधी गेला. म्हणजे काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच पळाला की!”