चाळीसची वीस

मंगळवार, रात्रीचा दीड

तांबट आळीच्या फिल्मचा रफ कट 40 मिनिटं 12 सेकंदांचा. ऑस्करवाले श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंत शॉर्ट मानतात, पण आम्हाला जिथे पाठवायचीय तिथे 20, नावांसकट. एक सेकंद वर गेला तरी बाद.

परवा जुन्या कटाची कॉपी करून ठेवली आणि प्रत्येक शॉटची डोकी-शेपट्या कापत बसले. फिल्ममधल्या काकांचे 'म्हणजे', 'काय आहे की', मधले श्वास, सगळं काढलं. दोन दिवसांत जेमतेम सहा मिनिटं निघाली. वर काका बातम्या दिल्यासारखे बोलायला लागले. डोळे मिटून नुसता आवाज ऐकला तेव्हा कळलं, माणूस श्वासच घेत नाहीये! थोड्या जागा परत दिल्या.

मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक सीन आणि त्याची लांबी लिहून भिंतीवर लावली. ताशून होणार नाही, उचलावंच लागणार, हे तिथे सरळ दिसलं. भांड्यांचा व्यापारी गेला: सात मिनिटं. माणूस गमतीदार होता, पण त्याचं म्हणणं काका एका वाक्यात बोलून गेलेत. सुरुवातीचा पेठेतला सकाळचा फेरफटका गेला, अडीच मिनिटं. त्यासाठी तीन पहाटे उठलो होतो. प्रेक्षकाला त्याचं काय!

मठारण्याचे तीन सीन होते, एकच ठेवला. बंबाच्या पोटावर हातोडी पडते, गोल चमकदार खळी उठते, तिला चिकटून पुढची. हा शॉट दीड मिनिटाचा होता, चाळीस सेकंदांचा करायचा होता. कुठेही कापलं की ठोक्यांची लय तुटायची आणि कानाला लगेच खटकायचं. शेवटी ठोका बरोबर ज्या फ्रेमवर पडतो तिथेच कापलं, खाली मूळ शॉटचा सलग आवाज घातला आणि चित्रातले ठोके त्याच्याशी जुळवले. आता सांधा मलाही सापडत नाही.

आज 21 वर आलो. पावणेदोन मिनिटांची नावं सरकत होती, ती पाटीसारखी आणली, चाळीस सेकंदांत. सुटलो, असं वाटलं.

संध्याकाळी मावशीला दाखवली. तिने आधीची पाहिली नव्हती. फिल्ममध्ये नातू म्हणतो, "ते दुकान विकलं तेव्हा मी पाचवीत होतो." मावशी म्हणाली, "कुठलं गं दुकान?" दुकानाची गोष्ट व्यापाऱ्याच्या सीनमध्ये होती. मी फिल्म शंभरदा पाहिलेली, मला ती अजून दिसत होती.

काकांचं एक जुनं वाक्य शोधलं, "रस्त्यावरचं आमचं दुकान होतं, तेही दिलं." सहा सेकंद. बंबाच्या शॉटखाली घातलं, लांबी तेवढीच राहिली.

19:51. उद्या एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडून लांबी पुन्हा बघायची. शेवटी काळ्या फ्रेम राहिल्या असतील तर त्याही मोजतात.