सावली बुटाला चिकटली की उडी संपली

एका कथासंग्रहाच्या कव्हरचं काम होतं. ब्रीफ छोटा होता, ब्लॅक अँड व्हाइट, रस्त्यावरचा फोटो वाटला पाहिजे, कडक उन्हाच्या सावल्या, खरबरीत भिंत, आणि एक माणूस पायऱ्यांच्या तळाशी असलेली पाण्याची पट्टी ओलांडून उडी मारतोय, पाय जमिनीला टेकायच्या अगदी आधीचा क्षण. फोटोग्राफरचं बजेट नव्हतं म्हणून इमेज जनरेटरवर करायचं ठरलं. कव्हर छापून आलंय, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

अशा कामात लोक काय टाकतात ते मला रोज दिसतं. मास्टरपीस, अवॉर्ड विनिंग, ८के, ड्रॅमॅटिक. आमच्या टीममधल्या एकाकडे अशा शब्दांची यादीच आहे, तो ती प्रत्येक प्रॉम्प्टला शेपटीसारखी लावतो आणि मग सगळी चित्रं एकाच घरातली भावंडं दिसतात. नुसतं हाय कॉन्ट्रास्ट लिहिलं तरी हेच होतं, मॉडेल सावलीतही सगळं दाखवत बसतं, काळा कुठे पूर्ण काळा होतच नाही, आणि वर कडांना एक चमक येते. खऱ्या फिल्मवर उन्हाचं एक्स्पोजर धरलं की सावली बुडते, तिच्यात काही दिसत नाही, आणि तोच त्या फोटोचा जोर असतो. म्हणून मी परिणाम न लिहिता कारण लिहिते. ऊन कुठून येतंय, किती खालून येतंय, आणि सावलीत काही दिसायचं नाही.

टेक्स्चरचंही तेच. भिंत खरबरीत आहे असं लिहिलं की मॉडेल भिंतीवर सगळीकडे सारखे ओरखडे काढतं. भिंतीचा खरबरीतपणा दिसतो तो ऊन तिला घासत गेलं तर, म्हणजे जवळजवळ समांतर, मग प्लास्टरच्या प्रत्येक फुगवट्याची स्वतःची बारीक सावली पडते. रेकिंग लाइट हा शब्द टाकला आणि पहिल्याच खेपेला भिंत जिवंत झाली, एवढं समाधान मला त्या आठवड्यात दुसऱ्या कशानंच दिलं नाही.

आता उडी. डिसायसिव्ह मोमेंट, म्हणजे नेमका निर्णायक क्षण, असं लिहून बघितलं तर हॅट घातलेला माणूस डबक्यावरून उडी मारताना यायला लागला, एकामागून एक. आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा पॅरिसमधला फोटो आहे ना, स्टेशनमागच्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायला केसभर बाकी, त्याचीच पुसट भुतं. मॉडेलला क्षण म्हणजे काय ते माहीत नाही, त्या शब्दांसोबत फिरणारी चित्रं माहीत आहेत. आणि मला तर ती नक्कल मुळीच नको होती. मग तो शब्द काढला, फोटोग्राफरचं नाव टाकायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं, आणि शरीर लिहायला घेतलं. कुठला पाय पुढे, टाच किती वर, मागचा अंगठा कशावरून सुटलाय.

```
black and white street photo, 35mm lens, hard low sun from left,
man mid-leap over strip of water at foot of stone stairs, left heel a hand above ground,
right toe just off last step, his shadow separate from his shoes,
strip of sunlit stone between, raking light on rough plaster,
shadows fall to pure black
```

हे मी स्टेबल डिफ्यूजनच्या एक्सएल मॉडेलवर चालवत होते, त्याचा टेक्स्ट एन्कोडर एका दमात ७७ टोकनच, म्हणजे शब्दांचे तेवढेच तुकडे वाचतो, म्हणून फापटपसारा परवडत नाही. पोझ छान यायला लागली. ऊन छान. पण सावली? दरवेळी बुटाला चिकटलेली.

इथेच सगळं अडलं. माणूस हवेत आहे हे डोळ्याला पायावरून जेवढं कळतं त्याहून जास्त सावलीवरून कळतं. सूर्य ३० अंशावर असेल आणि बूट जमिनीपासून एक फूट वर असेल तर त्या बुटाची सावली त्याच्या खालच्या जागेपासून जवळजवळ पावणेदोन फूट लांब पडते. मध्ये उन्हाची मोकळी पट्टी दिसलीच पाहिजे. ती नसली की माणूस उडी मारत नाही, एका पायावर विचित्र उभा राहतो. मॉडेलने जन्मभर जमिनीवर उभी माणसं बघितलीत, त्याच्या लेखी सावली पायातूनच उगवते, प्रॉम्प्टमध्ये कितीही विनवण्या करा.

शेवटी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करड्या ठोकळ्यांच्या पायऱ्या, एक भिंत आणि एक साधा पुतळा उडीच्या पोझमध्ये ठेवला, सन लॅम्प ३० अंशावर डावीकडून लावला आणि रेंडर काढला. आधी नुसता डेप्थ मॅप काढून चित्राची रचना धरून ठेवणाऱ्या कंट्रोलनेटला दिला, पायऱ्या आणि पोझ तंतोतंत आली पण सावली पुन्हा बुटाशी, कारण डेप्थ मॅपमध्ये अंतर असतं, सावली नसते! मग तो करडा रेंडरच सावलीसकट इमेज टू इमेजला, म्हणजे दिलेल्या चित्रावरूनच नवं चित्र काढायला दिला आणि जोडीला डेप्थ ठेवला. डिनॉइझिंग, म्हणजे दिलेलं चित्र किती बदलू द्यायचं तो आकडा, ०.५५ च्या आसपास ठेवलं तर सावली जागेवर राहते आणि कपडे, दगड, प्लास्टर सगळं खरं वाटायला लागतं. ०.७ च्या वर नेलं की सावली हळूच सरकत परत बुटापाशी. त्याखाली ०.४ ला सगळं ठोकळ्यासारखंच राहतं. ती मधली जागा सापडली तेव्हा रात्र झाली होती आणि मी एकटीच खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

ग्रेन मी मॉडेलकडून कधीच घेत नाही. ते सगळीकडे सारखी वाळू टाकतं, काळ्यातही आणि पांढऱ्यातही. ट्राय-एक्स ४०० ही फिल्म १६०० ला पुश केली, म्हणजे १६०० ची समजून वापरली आणि जास्त डेव्हलप केली, की प्रिंटमध्ये ग्रेन मधल्या करड्यात उठून दिसतो, ठार काळ्यात आणि उडालेल्या पांढऱ्यात तो जवळपास विरतो. म्हणून मिडटोनचा मास्क करून नंतर चढवला. आणि फाइल ग्रेस्केल करून घेतली, कारण ब्लॅक अँड व्हाइट म्हणून आलेल्या आरजीबीतही एक मंद निळसर किंवा तपकिरी झाक राहतेच, स्क्रीनवर कळत नाही, छपाईत कळते.

मी दोन ऑप्शन पाठवले. दुसरा पाठवायची इच्छाच नव्हती पण आर्ट डायरेक्टरचा हट्ट, क्लायंटला चॉइस हवा. दुसरा आधीच्या फेरीतला होता, चेहरा सुंदर, कोटाची घडी सुंदर, सावली बुटाला चिकटलेली. क्लायंटने तोच घेतला. म्हणे चेहऱ्यात भाव आहे. मी दोन्ही चित्रांवर बुटापाशी लाल गोल काढून पाठवले, ३० अंशाचं गणित लिहून पाठवलं. उत्तर आलं की वाचक एवढं बघत नाहीत.

वाचक बघतात. त्यांना ते सांगता येत नाही एवढंच. पुस्तक हातात घेतल्यावर माझ्या मैत्रिणीने, जिला यातलं काही माहीत नाही, विचारलं की हा माणूस लंगडतोय का. तिचं हे वाक्य मी जसंच्या तसं आर्ट डायरेक्टरला पाठवलंय आणि पुढच्या छपाईला पहिला ऑप्शन लावा म्हणून ग्रेस्केल फाइल सोबत जोडलीये. हवा असलेला चेहरा त्या फाइलवर इनपेंट करून देते असंही लिहिलंय, चेहरा बदलणं सोपं आहे, दहा मिनिटांचं काम, सावलीच काय ती अवघड होती आणि ती झालेली आहे.