‘ब’वर अडलेला शब्द

रविवार, 12 जानेवारी

फोनवर ओळख झालेल्या तिला आज प्रत्यक्ष भेटलो आणि पहिल्या फोनवर राहून गेलेली चूक दुरुस्त केली. त्या दिवशी मला ‘नाशिकला माझी बदली झाली आहे’ एवढेच सांगायचे होते. परंतु मी बोलताना अडखळतो, तसा ‘बदली’वर अडलो; ‘ब’साठी मिटलेले ओठ उघडेनात आणि आवाजही फुटेना. त्या चार-पाच सेकंदांच्या शांततेत तिने मदत करावी म्हणून विचारले, “बहीण नाशिकला असते का?” आणि मी सुटलो एकदाचा, अशा भावनेने “हो” म्हणालो. मला बहीण नाही. अडणारा शब्द टाळून दुसरा शोधण्याची सवय मला शाळेपासून आहे. पण दुसऱ्याने सुचवलेला चुकीचा शब्द मान्य केला की बोलणे पुढे सरकते आणि ओळख मात्र खोटी होत जाते, हे दुसऱ्या फोनवर तिने बहिणीची चौकशी केली तेव्हा मला फार लागले.

म्हणून आज बसताक्षणीच सांगितले, “मी बोलताना अडखळतो. शब्द मला ठाऊक असतो, फक्त तो बाहेर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबा, शब्द पूर्ण करू नका.” हे सांगतानाही दोनदा अडलो. मग बहिणीचा खुलासा केला.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मला वाटलं, फोन कट झाला. पुन्हा हॅलो म्हणावं की थांबावं, तेच कळत नव्हतं.” तिलाही ताण होता, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. समोरासमोर निदान चेहरा दिसतो. फोनवर माझे अडणे आणि रेंज जाणे यांत ऐकणाऱ्याला काहीच फरक कळत नाही. यापुढे अडलो की फोनवर बोटाने हलकेच टकटक करायचे, म्हणजे मी आहे हे तिला समजेल, असे आम्ही ठरवले.

“सावकाश बोला म्हटलं तर चालेल का?” असे तिने विचारले. मी नको म्हणालो, कारण तसे ऐकले की माझे सगळे लक्ष सांगण्याच्या गोष्टीवरून ओठांवर जाते आणि अडणे वाढते. त्याऐवजी ती स्वतःच जरा संथ बोलू लागली, माझे वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर देऊ लागली, आणि घाई करायला हवी ही माझी भावना कमी झाली.

अडखळणे थांबले नाही. वेटर आला तेव्हा ‘बटाटेवडा’वर पुन्हा ओठ मिटले. एरवी मी पोहे मागवून मोकळा झालो असतो. आज जोर न लावता ओठ सैल केले, ‘ब’ हलकेच पुन्हा सुरू केला आणि वडाच मागवला. तिने त्या वेळी नजर मेनूकार्डाकडे वळवली नाही.

वेटर गेल्यावर तिने विचारले, “मग नाशिकला बदली कधी झाली?”