बाजूला ठेवलेली सहाशे गिऱ्हाईकं

दिवाळी संपली, हिशेब झाला, मालक खूश आहेत. तरी ते आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

सांगलीत हरभट रोडला कापडाचं जुनं दुकान आहे. खण, इरकल आणि कॉटनचे कुर्ते. काही वर्षांपासून त्यांची वेबसाइट आहे आणि तिचं ईमेलचं काम माझ्याकडे असतं. २०२४च्या गणपतीत मालकांनी फोन केला. "मॅडम, जुनी गिऱ्हाईकं झोपल्यात बघा. सहा महिन्यांत ज्यांनी काय घेतलं नाही त्या सगळ्यांना पंधरा टक्के सूट मारा." या धंद्यात निम्मी कामं अशीच सुरू होतात. आधी सूट ठरते, मग दुखणं शोधतात.

मी जुन्या ऑर्डरी काढून पहिल्या आणि दुसऱ्या खरेदीत किती अंतर पडतं ते पाहिलं. खणाची साडी दर महिन्याला कोणी घेत नाही. बहुतेकींची दुसरी ऑर्डर पुढच्या दिवाळीला नाहीतर पाडव्याला आलेली. म्हणजे सहा महिने गप्प असलेली बाई झोपलेली नसते, ती सणाची वाट बघत असते. म्हणून मी रेघ तेरा महिन्यांवर ओढली: एक पूर्ण दिवाळी चुकवली, तरच ते गिऱ्हाईक गेलं म्हणायचं.

मग यादी झाडली. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं न घेता परत पाठवलेले लोक काढले. gmial.com सारखे चुकीचे पत्ते काढले. आधीच बाउन्स झालेले, म्हणजे मेल न पोचता परत आलेले पत्ते काढले. बरेच दिवस न उघडलेली खाती गुगल आता बंद करतं, त्यामुळे जुन्या यादीत मेलेले पत्ते भरपूर निघतात आणि त्यांच्यावर मेल आदळत राहिली की चालू गिऱ्हाइकांची मेलही स्पॅममध्ये जायला लागते. त्यात फेब्रुवारी २०२४पासून गुगलने स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितलंय, म्हणजे हजारात तीन जणांनी स्पॅमचं बटण दाबलं की धोका. बरं, ते प्रमाण दाखवणारा गुगलचा तक्ता आमच्यासारख्या थोड्या मेलवाल्यांना बहुतेक वेळा रिकामाच दिसतो. मग रोज थोडी थोडी मेल सोडायची, आधी त्यातल्या त्यात ताज्या गिऱ्हाइकांना, आणि बाउन्स व अनसब्स्क्राइबवर डोळा ठेवायचा. दुसरा इलाज नाही.

तीन हजार पत्ते उरले. त्यातले सहाशे मी चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही निवडले आणि बाजूला ठेवले. त्यांना एकही मेल जाणार नव्हती. मालकांना हे काही केल्या पटेना. "दारात आलेलं गिऱ्हाईक हाकलायचं व्हय?" मी म्हटलं, दारात आलेलं नाही, तेच तर बघायचंय. मेल न पाठवता किती येतात हे कळल्याशिवाय मेलमुळे किती आले हे सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरलं.

पितृपक्षात नवे कपडे कोण घेणार? पहिली मेल घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरपासून सोडली. त्यात सूट नव्हती, फक्त जिने जे घेतलं होतं त्याच जातीचा नवा माल. दुसरी आठवड्याने. तीत चित्र नाही, बटण नाही, मालकांच्या नावाने चार ओळी: तुम्ही परत आला नाहीत, आमचं काय चुकलं? उत्तर थेट याच मेलला द्या. सगळ्या दुकानांच्या मेलवर 'याला उत्तर देऊ नका' लिहिलेलं असतं, ते मला कधीच समजलेलं नाही. गिऱ्हाइकाला बोलायचं असतं तेव्हाच आपण तोंड फिरवतो. किती जणींनी मेल उघडली हे मी मोजतच नाही. २०२१पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवतं, म्हणून न उघडलेली मेलही उघडलेली दिसते.

दुसरी मेल गेली त्या दिवशी दुपारपासून उत्तरं यायला लागली. मला वाटलं होतं भाव, रंग, मापं यांची कुरकुर असेल. तशीही होती. पण एकीने लिहिलं, "पाडव्याला नेसायला मागवलेली साडी पाडवा झाल्यावर आली. फोन कोणी उचलला नाही." थोड्या वेळाने दुसरी, जवळजवळ तेच. मग तिसरी, पुण्याची: भाऊबिजेला नणंदेला द्यायचा कुर्ता, तो पोचेपर्यंत नणंद परत गेली होती.

मी कुरिअरचा जुना तक्ता मागवला. मालकांच्या पुतण्याने तो "कशाला लागतोय?" विचारत संध्याकाळी पाठवला. रेघ तेरा महिन्यांची, म्हणजे यादीतल्यांची सगळ्यात अलीकडची दिवाळी २०२२ची. तिचं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. त्याआधी ऑर्डर देऊन त्यानंतर पार्सल मिळालेली माणसं शोधली, तर माझ्या तीन हजारांत ती तीनशे दहा निघाली. तक्रार न करता गेलेली. पार्सल पोचलेलं, पैसे मिळालेले, परतावा नाही. दुकानाच्या लेखी तो व्यवहार चोख होता.

या लोकांना तिसरी, कूपनची मेल पाठवायची नाही असं मी ठरवलं. त्यांना वेगळी लिहिली: २०२२ला तुमचं पार्सल सणानंतर पोचलं, ही आमची चूक, यंदा २० ऑक्टोबरपर्यंतची ऑर्डर दिवाळीआधी हातात देऊ, त्यानंतर दिवाळीची म्हणून ऑर्डर घेणारच नाही. मालक अडून बसले. "विसरल्या असतील त्या. खपली कशाला काढताय?" शिवाय ऑर्डर घेणार नाही हे लिहायचं म्हणजे त्यांच्या पोटात गोळा. पण त्यांच्या पत्नीने मेल वाचली आणि "बरोबर लिवलंय की" म्हणाल्या, तेव्हा गेली. बाकीच्यांना कूपन गेलं.

दिवाळीनंतर मोजलं. लोक नव्या ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवरून ऑर्डर देतात, म्हणून मोबाइल नंबरवरूनही जुळवलं. मधल्या काळात पुतण्याने व्हॉट्सॲपवर सगळ्यांना जाहिरात पाठवली होती, पण ती दोन्ही गटांना गेली, त्यामुळे तुलना बिघडली नाही.

मेल गेलेल्या चोवीसशेंपैकी १५१ जणींनी ऑर्डर दिली. मालक सगळ्यांना हाच आकडा सांगतात. बाजूला ठेवलेल्या सहाशेंपैकी, ज्यांना आम्ही एक अक्षरही लिहिलं नाही, २९ जणी आपल्या आपण आल्या. त्या हिशेबाने चोवीसशेंमधल्या सुमारे ११६ मेल न पाठवताही आल्या असत्या. मेलने आणलेल्या पस्तीसच. त्यातही सहाशेंच्या गटात योगायोगाने आठनऊ जणी जास्त आल्या असत्या, तर हे पस्तीसही गेले असते. एवढ्या लहान गटात तेवढं इकडचं तिकडे सहज होतं.

मग उशिरा पार्सल मिळालेल्या वेगळ्या काढल्या. चूक कबूल करणारी मेल गेलेल्या २४८ पैकी २७ आल्या, आणि त्यांच्यातल्याच बाजूला ठेवलेल्या ६२ पैकी दोन. त्या सोडून उरलेल्यांत, म्हणजे कूपनवाल्यांत, शंभरात जेमतेम सहा आल्या. त्यांच्या जोडीच्या, काहीच न मिळालेल्या गटातही पाच आल्याच होत्या. म्हणजे कूपन वापरणाऱ्यांपैकी बहुतेकींना आम्ही सूट दिली ती त्या येणारच होत्या तिथे. बासष्टांत दोन हा आकडा छोटा आहे, त्यावर पैज लावू नये हे मलाही कळतं. तरी कूपनचे पैसे कुठे गेले ते मला दिसतं.

मी हे मालकांना दाखवलं. २० ऑक्टोबरसारखी मुदत दर सणाला वेबसाइटवर लावायला ते लगेच तयार झाले. पुतण्याला कुरिअरचा तक्ता दर आठवड्याला पाठवायचं कामही लावलं. कूपनवर मात्र गाडी अडली. "दीडशे आले ते दिसतंय, न पाठवता आले असते ते कुठं दिसतंय?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. न दिलेल्या सवलतीची पावती फाडता येत नाही.

गुढीपाडव्यासाठी मी कूपन फक्त अर्ध्या यादीला द्यायचं म्हणतेय, आणि बाजूला सहाशेऐवजी हजार ठेवायचे. ते म्हणाले, आठशे. बोलणं अजून चालू आहे.