सागवानी कपाटाशेजारचे ख्रिसमसचे झाड

स्टुटगार्टला राहायला आलो तेव्हा पुण्याच्या घरातले सागवानी कपाट आणि जेवणाचे टेबल आम्ही जहाजाने मागवून घेतले होते. इथल्या भाड्याच्या घरात बीच वृक्षाच्या लाकडाची, मधाच्या रंगाची फरशी आधीपासूनच होती. डिसेंबरात आणलेले झाड या दोन्हींच्या मधोमध, कपाटाशेजारी उभे राहते. त्याच्या सजावटीचे रंग नीट जमायला आम्हाला तीन वर्षे लागली.

पहिल्या वर्षी लाकडाला शोभतील म्हणून सोनेरी आणि तांब्याच्या रंगाचे गोळे आणले. दुकानात ते झळकत होते, पण घरी झाडावर चढवल्यावर चार पावलांवरूनही उठून दिसेनात. पॉलिश केलेला साग हा मुळात नारिंगीकडे झुकणारा तपकिरी रंग आहे आणि सोनेरी व तांबूस हे त्याच कुळातले रंग आहेत. त्यामुळे चकाकीखेरीज त्यांना वेगळे ठरवणारे काहीच उरले नाही. दुसऱ्या वर्षी अगदी उलट टोक गाठले आणि चंदेरी व फिकट निळे गोळे, शुभ्र थंड प्रकाशाच्या माळेसह लावले. निळा आणि नारिंगी हे रंगचक्रात समोरासमोर येतात आणि शेजारी ठेवले की एकमेकांना भडक करतात. दिवसा आमचे शांत कपाट एकाएकी नारिंगी वाटू लागले, तर संध्याकाळी खोलीतल्या पिवळसर दिव्यांपुढे ते झाड दुसऱ्याच कुणाच्या घरातले असल्यासारखे दिसे.

तिसऱ्या वर्षी खरेदीपूर्वी आम्ही लाकूड नीट पाहिले. कपाटावर कोरा पांढरा कागद धरला की लाकडात पिवळी छटा अधिक आहे की लाल, हे लगेच कळते. आमच्या सागात पिवळी छटा होती आणि तिच्यावर किंचित तांबूस झाक होती. शेंदरी किंवा टोमॅटोसारखा लाल अशा लाकडाजवळ मिसळून जातो. निळसर झाक असलेला, वाइनसारखा गडद लाल मात्र त्याच्यापासून स्वच्छ वेगळा राहतो आणि तरीही परका वाटत नाही. म्हणून मुख्य रंग तोच ठरवला आणि त्याच्या जोडीला सायीसारखा पांढरा घेतला. सोनेरी ठेवला तो पैठणीच्या जुन्या जरीसारखा, थोडासाच आणि मंद.

मात्र या निवडीला एक मर्यादा आहे. इथे सर्वाधिक घरांत येणाऱ्या नॉर्डमान फरची पाने वरून गडद हिरवी असतात आणि गडद लालही जवळजवळ तेवढाच काळोखा असतो. म्हणून प्रत्येक रंगाचे दोनच गोळे आणून झाडावर टांगले आणि संध्याकाळी, घरातले नेहमीचे दिवे लावून, फोनवर कृष्णधवल छायाचित्र काढले. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे झाड बहुतेक वेळ दिव्यांच्याच उजेडात पाहिले जाते. छायाचित्रात मंद पोताचे लाल गोळे पानांत पार बुडाले होते. चकचकीत लाल गोळ्यांवर मात्र दिव्याचा एक ठिपका उमटल्याने ते दिसत होते. तेव्हा लाल गोळे सगळे चकचकीतच घेतले आणि ते फांद्यांच्या आत, माळेच्या दिव्यांना लागून टांगले. बाहेरच्या टोकांवर फिकट रंग ठेवला.

एकशे ऐंशी सेंटिमीटरच्या झाडाला शेवटी चोवीस लाल आणि सोळा सायीच्या रंगाचे गोळे, वीस गवती चांदण्या आणि फक्त आठ जुन्या सोन्याच्या रंगाच्या वस्तू पुरल्या. वाळलेल्या गव्हाच्या काड्या चिरून, चपट्या करून आणि मधोमध दोऱ्याने बांधून केलेल्या या चांदण्या जर्मनीतली जुनी सजावट आहे. आमच्या शेजारच्या आजींनी त्यांच्या खोक्यातल्या सहा आम्हाला दिल्या. दिव्याजवळ धरल्यावर काडीवरची बारीक उभी रेघ चमकते आणि मधला लाल दोरा नेमका आमच्या गोळ्यांच्या रंगाशी जुळतो. काडीचा रंग लाकडाच्याच कुळातला असला तरी बराच फिकट आहे, म्हणून गडद पानांवर ती ठळक दिसते आणि सागाशी तिचे नातेही टिकते.

माळ २७०० केल्विनची, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळपासच्या प्रकाशाची घेतली. खोक्यावर नुसते 'पांढरा' लिहिलेले असले तर हा आकडा अवश्य शोधावा. झाडाखाली पूर्वी वेताची टोपली होती, पण ती मधाळ फरशीवर दिसतच नसे. आता तिथे घरून आणलेला मांजरपाटाचा तुकडा अंथरतो, त्यामुळे झाडाची खालची कड स्पष्ट होते. झाडही कपाटापासून हातभर सरकवून पांढऱ्या भिंतीपुढे आणले आहे.

आपले लाकूड शिसवीसारखे काळपट असेल तर हेच प्रमाण उलटे करावे, म्हणजे सायीचा रंग निम्म्याहून अधिक आणि लाल मोजका. तिथे आमच्याइतका लाल लावला तर झाड आणि लाकूड मिळून खोलीचा एक कोपरा अंधारतो.